कोण काय करतं ते वाक्यात दिसू द्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या गावांमधून येणारे अर्ज, ग्रामसभेचे ठराव, बचत गटांची इतिवृत्तं आणि तालुक्याच्या वार्ताहरांच्या बातम्या मी तपासून देते. ज्यांची वाक्यं मी कापते, ते अर्थातच उलट विचारतात. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं बहुतेक पाण्याची आहेत, कारण आपल्याकडचे निम्मे कागद पाण्यासाठीच लिहिले जातात.

१. "करण्यात येत आहे" असं लिहिलं तर बिघडतं काय? सगळेच तर लिहितात.

बिघडतं एवढंच, की ते कोण करतंय हे वाक्यातून गायब होतं. "नळ योजनेची दुरुस्ती करण्यात येत आहे" हे वाक्य सरपंच वाचतो तेव्हा त्याला वाटतं पंचायत समिती करतेय. पंचायत समितीतला माणूस वाचतो तेव्हा त्याला वाटतं ग्रामपंचायत करतेय. दोघंही प्रामाणिकपणे वाट पाहतात. "प्लंबर उद्या टाकीजवळचा व्हॉल्व्ह बदलणार आहे" असं लिहिलं असतं तर परवा विचारायला जायचं कुणाकडे, हे गावाला कळलं असतं.

बोलताना आपण असं कधी बोलत नाही. "आठ दिस झालं, टँकर येईना" असं म्हणणारी आजी कर्ताही सांगते, क्रियापदही सांगते आणि किती दिवस तेही सांगते. तीच गोष्ट कागदावर उतरली की "टँकरद्वारे होणाऱ्या पाणीपुरवठ्यात खंड निर्माण झालेला आहे" अशी होते. आजीचं वाक्य जास्त नेमकं आहे.

२. वाक्यात नामांची उतरंड झालीय हे स्वतःचं स्वतःला कसं ओळखायचं?

पेन घेऊन तीन गोष्टींना गोल करा. पहिली, वाक्याच्या शेवटचं क्रियापद. ते करणे, होणे, येणे, असणे यांपैकीच असेल आणि त्यावरून कामाचा काहीच बोध होत नसेल, तर खरं काम आधीच्या एखाद्या नामात लपलेलं आहे. दुसरी, "च्या". एका वाक्यात लागोपाठ तीन "च्या" आले की एकावर एक मडकी रचली गेली असं समजा. वरचं काढल्याशिवाय खालच्यात काय आहे ते दिसणार नाही. तिसरी, "अनुषंगाने", "बाबत", "दृष्टीने", "अंतर्गत", "निवारणार्थ" हे जोडकाम करणारे शब्द. त्यांच्या डाव्या बाजूला हमखास एखादं क्रियापद नाम होऊन बसलेलं असतं.

मग त्या नामातून क्रियापद बाहेर काढा. तपासणी करणे म्हणजे तपासणे, नोंद घेणे म्हणजे नोंदवणे, वितरण करणे म्हणजे वाटणे, निर्णय घेणे म्हणजे ठरवणे, मंजुरी देणे म्हणजे मंजूर करणे. क्रियापद हातात आलं की त्यालाच विचारायचं : कोण? उत्तर आलं तर ते वाक्याच्या सुरुवातीला ठेवायचं. उत्तर आलं नाही तर अडचण भाषेची नाही, माहितीची आहे. त्यासाठी प्रश्न ५ पाहा.

३. एखादा पूर्ण ठराव सोडवून दाखवाल का?

हा ठराव मी रचलेला आहे, पण असे ठराव तुम्ही लिहिले किंवा ऐकले असतीलच :

"संभाव्य पाणीटंचाई निवारणार्थ करावयाच्या उपाययोजनांच्या अनुषंगाने सविस्तर चर्चा करण्यात येऊन नादुरुस्त विंधन विहिरींच्या दुरुस्तीबाबत तसेच खासगी विहीर अधिग्रहणाच्या प्रस्तावाच्या सादरीकरणाबाबत आवश्यक ती कार्यवाही तातडीने करण्यात यावी, असे सर्वानुमते ठरविण्यात आले."

आधी यातली दडलेली कामं मोजू. निवारण, उपाययोजना, चर्चा, दुरुस्ती, अधिग्रहण, सादरीकरण, कार्यवाही. सात नामं. यातली निवारण, उपाययोजना आणि कार्यवाही ही तीन पोकळ आहेत. ती काढली तरी कुणाच्याही हातातलं काम कमी होत नाही. चर्चा तर होऊन गेली, ती इतिवृत्तात वर लिहिलेलीच असते. सादरीकरण आहे ते अधिग्रहणाच्याच प्रस्तावाचं. उरली दोन खरी कामं : बंद हापसे सुरू करायचे आणि एखाद्याची विहीर गावासाठी घ्यायची.

आता "कोण" विचारू, आणि इथेच ठरावाची खरी गंमत कळते. हापसा ग्रामसभा दुरुस्त करत नाही. ते काम पंचायत समितीचं हातपंप दुरुस्ती पथक करतं. विहीर ग्रामसभा अधिग्रहित करू शकत नाही, तो आदेश महसूल खात्याकडून निघतो. म्हणजे गावाच्या हातात आहे ते एवढंच : पथकाला कळवणं, विहीरमालकाशी बोलणं आणि प्रस्ताव पाठवणं. मूळ ठरावात पहिली दोन कामं कुठेच नाहीत, आणि तिसरं कोण करणार ते नाही. म्हणून तो ठराव मंजूर झाला तरी दुसऱ्या दिवशी सकाळी कुणालाच कुठे जायचं नसतं.

नवा ठराव असा :

"शाळेजवळचा आणि मारुती मंदिरामागचा असे दोन हापसे बंद आहेत. ग्रामसेवक येत्या सोमवारपर्यंत पंचायत समितीच्या हातपंप दुरुस्ती पथकाला पत्र देतील. गावालगतच्या दोन खासगी विहिरींना पाणी आहे. सरपंच त्यांच्या मालकांशी बोलतील आणि जो तयार होईल त्याचे संमतीपत्र घेतील. ते मिळाल्यावर ग्रामसेवक अधिग्रहणाचा प्रस्ताव पंचायत समितीकडे पाठवतील. पुढच्या मासिक सभेत दोघेही झालेल्या कामाची माहिती देतील. ठराव सर्वानुमते मंजूर."

सोमवार म्हणजे कोणता, ते इतिवृत्तात तारीख घालून लिहा. बाकी या ठरावात अवघड असं काही नाही, पण लिहिताना लेखनिकाला सभेत दोनदा थांबून विचारावं लागेल : कोणते हापसे? मालकाशी कोण बोलणार? जुन्या पद्धतीत हे विचारावंच लागत नव्हतं. ती पद्धत इतकी टिकली त्याचं हेही एक कारण असावं, असं मला वाटतं.

आणखी एक. हा ठराव भविष्यकाळात आहे, हे मुद्दाम. "देतील", "बोलतील", "पाठवतील" ही रूपं कर्त्याप्रमाणे बदलतात, त्यामुळे कर्ता लिहिल्याशिवाय ती नीट बसतच नाहीत. "करण्यात यावी" या रूपाला मात्र कर्त्याची गरजच नसते.

४. शाळेत कर्तरी आणि कर्मणी प्रयोग शिकवले. म्हणजे कर्मणी टाळायचा का?

नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की जरा सविस्तर सांगते. लिहिण्याबद्दलचे इंग्रजी सल्ले वाचून लोक "पॅसिव्ह टाळा" हे मराठीला तसंच लावतात आणि पॅसिव्ह म्हणजे कर्मणी असं धरून चालतात. पण आपल्या व्याकरणात "सरपंचाने विहीर दाखवली" हा कर्मणी प्रयोग आहे. विहीर स्त्रीलिंगी म्हणून "दाखवली". सरपंचाच्या जागी सरपंचबाई आल्या तरी "सरपंचबाईंनी विहीर दाखवली" असंच राहील. क्रियापद कर्माच्या मागे गेलं, पण कर्ता "ने" लावून ठणठणीत समोर उभा आहे. भूतकाळात सकर्मक क्रियापद वापरलं की मराठीत बहुधा असंच होतं. ते टाळायला गेलात तर भूतकाळच लिहिता येणार नाही. "सरपंचाने विहिरीला कुंपण घातले" काय किंवा भावे प्रयोगातलं "तलाठ्याने शेतकऱ्यांना बोलावले" काय, दोन्हींत कोणी काय केलं ते स्पष्ट आहे.

टाळायची आहेत ती दोन रूपं. "विहीर दाखवण्यात आली" यात कर्त्याची गरजच उरत नाही. "सरपंचाकडून विहीर दाखवली गेली" यात कर्ता आहे, पण कडेला बसवलेला. व्याकरणात याला नवीन कर्मणी म्हणतात आणि ते इंग्रजीच्या धाटणीवर आलं आहे. तेव्हा प्रयोग कोणता हे न बघता कर्ता सापडतो का ते बघा.

५. कुणी केलं हे मलाच माहीत नसेल तर? खोटा कर्ता घालू का?

अजिबात नको. इथे मराठीने आपल्याला एक चांगली सोय दिली आहे, ती वापरा. आपल्याकडे क्रियापदांच्या जोड्या आहेत : फुटणे आणि फोडणे, तुटणे आणि तोडणे, जळणे आणि जाळणे, पडणे आणि पाडणे, सुटणे आणि सोडणे. "चारी फुटली" म्हटलं की कुणावर आरोप होत नाही. "चारी फोडली" म्हटलं की कुणीतरी फोडली हे तुम्ही ठामपणे सांगत असता, नाव लिहिलं नसलं तरी. त्यामुळे तक्रार अर्जात एका क्रियापदाने पोलीस ठाण्यापर्यंत जाता येतं.

रात्री कालव्याची चारी फुटली आणि पाणी शेजाऱ्याच्या उसात गेलं, अशी तक्रार समजा. लोक दोन टोकांना जातात. एक तर "चारीच्या नुकसानीची घटना घडली असून पाण्याचा अपव्यय झाला आहे" असं लिहितात, त्यातून काहीच कळत नाही. नाहीतर "शेजाऱ्याने चारी फोडली" असं लिहितात, आणि कुणी पाहिलं म्हटलं की गप्प होतात. मधला रस्ता असा की जे काम तुम्ही स्वतः केलं त्याचे कर्ते तुम्ही व्हा : "मी सकाळी सहा वाजता शेतात गेलो तेव्हा चारी फुटलेली होती. भरावावर कुदळीचे घाव दिसले. पाणी शेजारच्या उसात जात होते. मी पाटकऱ्याला लगेच फोन केला." पाहणारा आहे, फोन करणारा आहे, आणि जे माहीत नाही ते लिहिलेलंच नाही. फोडली की फुटली हे पाटकरी येऊन ठरवेल.

६. तहसीलदार साहेबांना असं थेट लिहिणं उद्धटपणाचं नाही का वाटणार?

आदर "करण्यात यावा"मध्ये नसतो. तो "महोदय"मध्ये, "आपण"मध्ये आणि अनेकवचनात असतो. "आमच्या गावास टँकर मंजूर करण्यात यावा, ही नम्र विनंती" याऐवजी "आपण आमच्या गावाला टँकर मंजूर करावा, ही नम्र विनंती" असं लिहा. यात उद्धट काहीच नाही. उलट विनंती कुणाला केलीय ते कळतं. "-वा, -वी, -वे" ही रूपं विनंतीचीच आहेत आणि त्यांना कर्ता चालतो.

"आपण"बद्दल एक इशारा. साहेबांना लिहिलेल्या अर्जात "आपण" म्हणजे साहेब. गावकऱ्यांसाठी लावलेल्या सूचनेत "आपण गाळ काढावा" लिहिलं तर ते "तुम्ही" की "आपण सगळे मिळून" हे कळत नाही, आणि मग गाळ तिथेच राहतो. सूचनेत सरळ लिहा : "प्रत्येक घरातून एक माणूस रविवारी सकाळी तळ्यावर यावा."

७. मग सगळी नामं काढायची का? पंचनामा, अधिग्रहण याला क्रियापद कुठून आणू?

काढू नका. ज्या नामाला कायद्यात किंवा हिशेबात ठरलेला अर्थ आहे ते तसंच राहू द्यायचं. "तलाठ्याने पंचनामा केला" याचं "तलाठ्याने पीक पाहिलं" होऊ शकत नाही, कारण पंचनाम्यात पंच असतात, सह्या असतात आणि तो कागद पुढे नुकसानभरपाईच्या कामी येतो. अधिग्रहण, फेरफार, जप्ती, ठराव ही सगळी याच जातीची नामं. "विसर्ग"ही ठेवावा, कारण तो क्युसेकमध्ये मोजतात. पण नाथसागरातून पाणी सोडल्यावर गोदाकाठच्या गावांसाठी सूचना लिहायची असेल तर विसर्गाचा आकडा एका वाक्यात उरकून पुढचं वाक्य कामाचं लिहा : "नदीतल्या मोटारी आजच वर काढा, जनावरं काठावर बांधू नका." "नागरिकांनी सतर्कता बाळगावी" यातून कुणी मोटार काढत नाही.

दुसरा अपवाद रोजच्या बोलण्यातला. मदत करणे, फोन करणे, काम करणे, सही करणे या जोड्या मराठीत क्रियापदंच आहेत. नाम दिसलं म्हणून त्यांच्या मागे लागू नका. "सही करणे" सोडून "स्वाक्षरी" आणि "स्वाक्षरांकित" शोधायला गेलं की आणखी बिघडतं.

आणि पाहणी म्हणजे नुसतं पाहणं नव्हे, हेही लक्षात ठेवा. "तहसीलदारांनी गावाची पाहणी केली" म्हणजे ते ठरवून, तपासायला आले होते. "तहसीलदारांनी गाव पाहिले" म्हटलं की ते सहलीला आल्यासारखं वाटतं.

८. मी बातमीत "प्रशासनाने केले" असं लिहितो. कर्ता तर आला ना?

आला, पण मुखवटा घालून. प्रशासन, शासन, यंत्रणा, संबंधित विभाग हे व्याकरणाने कर्ते आहेत, पण त्यांना फोन लावता येत नाही. एक माहितीतलं उदाहरण घेते. २०१६च्या उन्हाळ्यात "लातूरला रेल्वेद्वारे पाणीपुरवठा करण्यात आला" हे वाक्य सगळ्यांनी वाचलं. आता त्यात कर्ते भरा. मिरजेला टाक्यांच्या वाघिणी भरल्या, रेल्वेने त्या लातूरला आणल्या, आणि लातूरमध्ये ते पाणी उतरवून, शुद्ध करून शहरात वाटलं गेलं. पहिल्या गाडीने एप्रिलमध्ये दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आणलं.

माझ्या शेवटच्या टप्प्यातलं "वाटलं गेलं" तुम्ही पकडलंच असेल. ते तसंच ठेवलंय, कारण बातमीदाराचं काम तिथूनच सुरू होतं. कोणत्या वॉर्डाला, कोणी, कोणत्या टँकरने? रेल्वेच्या प्रवासाला स्पष्ट कर्ता मिळतो, म्हणून तो भाग लिहायला सोपा. शेवटच्या गल्लीतलं वाटप मात्र "करण्यात आलं"मध्ये विरघळून जातं. बातमी तपासताना मी असे विरघळलेले भागच आधी शोधते.

"प्रशासन" लिहूच नये असं नाही. एकाच कामात चार कार्यालयं गुंतलेली असतील आणि वाचकाला तपशिलाची गरज नसेल तर चालेल. पण पहिल्यांदा नेमकं कार्यालय किंवा पद लिहा.

९. खरं सांगू का, माझ्या अंगाशी येऊ नये म्हणूनच मी "करण्यात आले" लिहितो.

हा प्रश्न विचारायला धाडस लागतं, आणि तो ग्रामसेवकांकडून सगळ्यात जास्त येतो. भीती खरी आहे. पण कर्ता लपवल्याने ती कमी होते का ते तपासा. "पाइपलाइनची दुरुस्ती करण्यात आलेली नाही" या वाक्यात चौकशी करणारा स्वतःच कर्ता भरतो, आणि तो बहुधा सही करणाऱ्याचंच नाव भरतो. याउलट असं लिहून बघा : "माझ्याकडे चार इंची पाइप नव्हते. मी ३ तारखेला पंचायत समितीकडे पाइप मागितले. अजून ते मिळालेले नाहीत." तुम्ही काय केलं ते दिसतं आणि काम कुठे अडलं तेही दिसतं. शेवटच्या वाक्यात कुणावर बोटही दाखवलेलं नाही.

अर्थात तुम्ही पाइप मागितलेच नसतील तर हे वाक्य लिहिता येणार नाही. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

१०. "-णे" लावलेलं प्रत्येक रूप वाईट का?

नाही. "दोन किलोमीटरवरून पाणी आणणं सोपं नाही" हे उत्तम मराठी आहे. इथे सगळ्यांविषयी बोलायचं आहे, कुणा एकाविषयी नाही. गडबड होते ती "-णे"ला "-ण्याच्या" आणि त्याला पुन्हा "दृष्टीने" जोडलं की. "पाणी आणण्याच्या त्रासातून मुक्तता करण्याच्या दृष्टीने" म्हणजे "पाणी आणावं लागू नये म्हणून".

११. छापील नमुनाच तसा असेल तर?

नमुना बदलू नका, अर्ज परत येईल. छापील मजकूर तसाच ठेवा आणि "तपशील", "कारणे", "शेरा" या रिकाम्या जागांत तुमची वाक्यं लिहा. बहुतेक जण छापील भाषेचा सूर पकडून रिकाम्या जागेतही तसंच लिहितात. कर्मचारी नेमकी तीच जागा वाचतो, बाकीचं त्याला पाठ असतं.

१२. शोधनिबंधात "अभ्यास करण्यात आला" लिहावंच लागतं, असं मार्गदर्शक म्हणतात.

मार्गदर्शकांशी भांडू नका, पण कुठे सवलत मिळते ते पाहा. पद्धतीच्या प्रकरणात "मी चाळीस कुटुंबांच्या मुलाखती घेतल्या" हे "मुलाखती घेण्यात आल्या"पेक्षा जास्त काटेकोर आहे, कारण मुलाखत तुम्ही घेतली की गावातल्या ओळखीच्या मुलाने, यावरून उत्तरं बदलतात. बाईला शौचालयाबद्दल कोण विचारतंय, यावर ती काय सांगते हे ठरतं. "मी" नकोच म्हणाले तर "संशोधकाने" लिहा. भाषा थोडी अवघडते, पण कर्ता टिकतो. सिद्धान्ताच्या प्रकरणात, जिथे स्थलांतर, वंचितता, कर्जबाजारीपणा या संकल्पनाच विषय आहेत, तिथे नामं येणारच. पण ऊसतोडीला कोण गेलं, उचल कुणाकडून घेतली आणि घरी कोण राहिलं हे लिहायची वेळ आली की पुन्हा प्रश्न २ मधलं पेन काढा.